लाल दिवा आणि साहेबांना मेल

घरून काम करताना नेट गेलं की नुसतं ‘नेट प्रॉब्लेम आहे’ कळवून साहेबांना काहीच उमगत नाही. राउटरवरचा LOS दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नसतो. अशा वेळी वायफायचा पासवर्ड बदलून काही होत नाही. मग मेल असा लिहावा:

‘सर, सकाळी 10:40ला नेट बंद पडलं. गच्चीवर केबल उंदरांनी कुरतडली आहे, लाइनमन 3 वाजेपर्यंत जोडून देतो म्हणालाय. तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे. मेल, शीट चालू राहील. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बोलेन. मोठी फाइल मात्र संध्याकाळीच चढेल.’

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यावरूनच साहेबांना पुढचं काम लावता येतं.