पैसे नेमके कापतंय कोण?

टीव्हीवर सबस्क्रिप्शन सुरू करणं फार सोपं असतं. चित्रपटाच्या पोस्टरखाली फ्री ट्रायलचं बटण दिसतं, रिमोटचं मधलं बटण दाबायचं, फोनवर आलेला ओटीपी टाकायचा, की चित्रपट सुरू. तेच बंद करायची वेळ आली की मात्र सगळं घर मेनू धुंडाळत बसतं. ॲपच्या सेटिंगमध्ये भाषा मिळते, सबटायटल मिळतात, ‘साइन आउट’ही मिळतं, ‘रद्द करा’ काही सापडत नाही.

बऱ्याचदा ते तिथे नसतंच. टीव्हीवरचं ॲप म्हणजे फक्त बघायची खिडकी. सबस्क्रिप्शनचा हिशेब असतो पैसे घेणाऱ्याकडे, आणि तो प्रत्येक वेळी वेगळा असू शकतो: कधी ती स्ट्रीमिंग कंपनी स्वतः, कधी गुगल प्ले, कधी ॲमेझॉन, कधी ॲपल, तर कधी ब्रॉडबँड किंवा मोबाइलची कंपनी, जिच्या प्लॅनमध्येच ते गुंडाळून आलेलं असतं. त्यामुळे रिमोट बाजूला ठेवून आधी बँकेचा एसएमएस किंवा स्टेटमेंट काढावं. तिथे ज्याचं नाव आहे, रद्द करायचं बटण त्याच्याच दारात.

एक उदाहरण घेऊ. ॲमेझॉनने 2021 मध्ये भारतात प्राइम व्हिडिओच्या आत ‘चॅनेल्स’ सुरू केली. लायन्सगेट प्ले, डिस्कव्हरी प्लस, मुबी यांसारख्या सेवा प्राइम व्हिडिओतूनच, जादा पैसे भरून बघायची ही सोय. समजा, नाशिकला राहणाऱ्या आईवडिलांना बंगळुरूच्या मुलाने फायर टीव्ही स्टिक आणून दिली आणि घाईत स्वतःच्याच ॲमेझॉन खात्याने सुरू करून दिली. सुट्टीत तो घरी असताना वडिलांना एक इंग्रजी चित्रपट बघायचा होता, म्हणून त्याने लायन्सगेट प्लेचं चॅनेल घेतलं. पुढे ते कुणी बघेना. आई म्हणाली, बंद करून टाका. वडिलांनी लायन्सगेट प्लेचं ॲप फोनवर घेतलं, आपला मोबाइल नंबर टाकला, तर तिथे या नंबरवर सबस्क्रिप्शनच नाही. त्यांना वाटलं, चला, आपोआप बंद झालं. तिकडे मुलाच्या बँकेच्या एसएमएसमध्ये ॲमेझॉनचं नाव येत राहिलं आणि त्याला वाटलं, प्राइमचेच पैसे असतील.

यात चूक कुणाचीच नाही. लायन्सगेट प्लेच्या ॲपला या घराचा पत्ता नाही, कारण व्यवहार झाला तो ॲमेझॉनशी, आणि तोही मुलाच्या खात्यातून. मार्ग त्याच खात्यातून जातो. स्टिक कुणाच्या नावावर आहे ते टीव्हीवरच Settings मध्ये Account & Profile Settings उघडलं की दिसतं. त्या व्यक्तीने फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये primevideo.com उघडून लॉग-इन करायचं, Account & Settings मध्ये जायचं आणि आपल्या सबस्क्रिप्शनांची यादी काढायची. चॅनेलच्या नावासमोर रद्द करण्याचा पर्याय असतो. तो दाबल्यावर एक-दोन पानं ‘नक्की का?’ असं विचारतात. शेवटच्या पानापर्यंत जाणं महत्त्वाचं, कारण मध्येच ब्राउझर बंद केला तर काहीच रद्द होत नाही. मेनूतली नावं अधूनमधून बदलतात, पण हा क्रम फारसा बदलत नाही.

गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल तर हाच शोध प्ले स्टोअरमध्ये घ्यायचा. आलेल्या ई-मेल पावतीतला ऑर्डर नंबर GPA अक्षरांनी सुरू होत असेल, तर पैसे गुगल प्लेमार्फत गेलेत हे नक्की. फोनवर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करायचं, मग Payments & subscriptions, मग Subscriptions. इथे हमखास घोटाळा होतो तो खात्याचा. फोनवर एक जीमेल, टीव्हीवर दुसरं. यादी रिकामी दिसली की सबस्क्रिप्शन नाही असं समजू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कोणता जीमेल आहे ते बघून फोनवर त्याच खात्यात जावं. पत्त्यातला एखादा अंक वेगळा असला तरी ती दोन निराळी खाती असतात.

ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा समज सगळ्यात महागात पडतो. गुगल आपल्या मदतीच्या पानावरच सांगतं की ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. साइन आउट केलं, स्टिक खात्यातून काढली, टीव्ही फॅक्टरी रीसेट करून विकला, तरी पैसे कापले जातच राहतात. खरोखर रद्द झालं की यादीत त्या नावापुढे ते कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे दिसतं आणि बहुधा ई-मेलही येतो. भरलेल्या मुदतीपर्यंत कार्यक्रम दिसत राहतात, त्यामुळे ‘अजून चालतंय, म्हणजे रद्द झालं नाही’ असं वाटून गोंधळायचं कारण नाही.

आणि खातंच सापडलं नाही तर? जुना फोन नंबर बंद, पासवर्ड आठवत नाही, ई-मेल कुणाचा ते माहीत नाही, असं घरोघरी होतं. अशा वेळी भारतातल्या ग्राहकाच्या हातात एक भक्कम गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांनुसार कार्डातून किंवा यूपीआयमधून दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या अशा रकमेची सूचना किमान 24 तास आधी ग्राहकाला द्यावीच लागते. त्यात रक्कम, तारीख आणि पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. शिवाय ते मँडेट ग्राहक केव्हाही मागे घेऊ शकतो. यूपीआय असेल तर ज्या ॲपमधून मंजुरी दिली त्यातल्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट रद्द करायचं. त्यासाठी यूपीआयचा पिन लागतो. कार्ड असेल तर बँकेच्या नेट बँकिंगमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधायचं, नाहीतर शाखेत विचारायचं. कार्ड ब्लॉक करायची गरज नाही.

तरीही मँडेट थांबवणं आणि सबस्क्रिप्शन रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मँडेट थांबलं की त्या वाटेने पैसे जात नाहीत, पण खात्याच्या लेखी सबस्क्रिप्शन काही दिवस ‘पैसे थकले’ अशा अवस्थेत जिवंत राहू शकतं आणि खात्यात साठवलेल्या दुसऱ्या पद्धतीतून वसुलीचा प्रयत्नही होऊ शकतो. म्हणून खातं सापडलं की तिथेही रद्द करावं.

बटण मुद्दाम लपवलेलं असेल तर तो नुसता मनस्ताप नाही, तक्रारीचा विषय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार दिलेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यातलाच एक: रद्द करण्याचा पर्याय लपवणं, ती प्रक्रिया अशक्य किंवा किचकट करणं, मोफत सेवेसाठीही आधी पैसे भरण्याचे तपशील मागणं, हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत तर हे प्रकरण कोर्टात गेलं. प्राइमची मेंबरशिप सोडायला चार पानं आणि सहा क्लिक पार करावे लागतात, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये ॲमेझॉनवर केला, आणि 2025 मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली.

आपल्याकडे तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. फोन करण्याआधी पैसे कापल्याचा एसएमएस, ई-मेल पावती आणि ज्या पानावर अडलं त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा. टीव्हीवरचं पान असेल तर फोनने काढलेला फोटोही चालतो. फक्त तारीख आणि ॲपचं नाव त्यात वाचता यायला हवं.