आठवणी विकता आल्या तर? विज्ञानकथेचा एकच नियम आणि त्यातून निघणारी गोष्ट

समजा, आठवणी विकता येतात. कल्पना भारी आहे, पण एवढ्यावर कथा उभी राहत नाही. मी लिहायला बसलो तेव्हा पहिलाच प्रश्न आडवा आला: विकल्यावर ती आठवण विकणाऱ्याकडे राहते का? मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर, हे कॉपी-पेस्ट आहे की कट-पेस्ट?

कॉपी असेल तर धंदा बसलाच. पहिलं गिऱ्हाईक ती फॉरवर्ड करणार आणि मग पैसे कोण देणार? म्हणून मी 'कट' घेतलं. पण वाचकाला ते पटायला काहीतरी आधार हवा. तो खऱ्या विज्ञानात मिळाला. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. नंतर तोच आवाज ऐकवून लगेच मेंदूत प्रथिनं बनणं रोखणारं औषध दिलं, तेव्हा भीती ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, तेव्हा ती तशीच राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही वेळ कच्ची असते, तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं.

यावरून माझा नियम ठरला: आठवण आठवत असतानाच काढता येते, आणि काढली की मूळ मालकाकडे उरत नाही. ती दुसऱ्याच्या डोक्यात घालणं ही मात्र माझी थाप. अशी एखादीच थाप वाचक चालवून घेतो.

आता नियम लावून बघा. दिनेश कर्जापायी एक संध्याकाळ विकतो: वडिलांनी त्याला सायकल शिकवली ती. विकायची तर आधी ती नीट आठवावी लागणार. म्हणजे वडिलांची ती शेवटची भेट दुकानातल्या खुर्चीत होते. घरी येतो तेव्हा खिशात पावती असते, पण काय विकलं ते त्याला आठवत नाही.

सायकल मात्र तो अजूनही चालवतो. कारण प्रसंगाची आठवण आणि हातापायांचं कसब मेंदू वेगवेगळं सांभाळतो. हेन्री मोलेसन या प्रसिद्ध रुग्णाला नवे प्रसंग लक्षात राहत नव्हते, तरी आरशात बघून आकृती गिरवण्यात तो दिवसेंदिवस तरबेज होत गेला. दिनेशचंही तसंच. कुणी शिकवलं, एवढंच कोरं. पुढे बहीण हसत हसत तो किस्सा सांगते आणि दिनेश नुसता मान डोलावतो. माझी कथा मला इथे सापडली.

पहिल्या खर्ड्यात मी घोळ घातला होता. विकल्यानंतर दोनच पानांनी दिनेश तीच संध्याकाळ आठवून रडत होता! तेव्हापासून प्रत्येक प्रसंगाला मी दोन प्रश्न विचारतो. इथे नियम मोडतोय का? आणि आठवणींऐवजी त्याने घड्याळ विकलं असतं, तरी हा प्रसंग असाच घडला असता का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर तो प्रसंग मी काढून टाकतो.