ती एक ओळ

कॅम्पस मुलाखतीत इंदूरचा एक विद्यार्थी माझ्यासमोर स्क्रीनवर होता. आदल्या दिवशीच्या ऑनलाइन टेस्टमधलं त्याचं बायनरी सर्च बिनचूक होतं. टायपिंगची नोंद उघडली, तर अठरा ओळी एकाच क्षणात आलेल्या. त्याबद्दल मी काही बोललो नाही. एका ओळीवर कर्सर नेला:

```
int mid = low + (high - low) / 2;
```

"सरळ बेरीज करून निम्मं का नाही केलंस?"

तो गप्प. माइक चालूच होता, आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "सर, ते... तसंच लिहितात."

प्रश्न अवघड होता, कबूल. जावाच्या लायब्ररीतसुद्धा ती सरळ बेरीज होती. चूक जगासमोर आली २००६ साली.

मी आकडे दिले. `low` दीड अब्ज, `high` दोन अब्ज. `int` मध्ये २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. "आता बेरीज कर."

बराच वेळ नुसता पेनचा आवाज.

"साडेतीन अब्ज... मावणार नाही. उलटा फिरून मायनस होईल. निम्मं केलं तरी मायनसच. मग अ‍ॅरेत मायनस जागा शोधायला जाईल आणि प्रोग्रॅम बंद पडेल."

बरोबर होतं. पण वेळ संपली होती आणि फॉर्मवर 'स्वतःचा कोड समजावता आला का?' अशी एकच चौकट होती. मी 'नाही' लिहिलं.

कॉल बंद करताना तो म्हणाला, "सर, मी स्वतः लिहिलं असतं ना, तर सरळ बेरीजच केली असती."

कॉलेजात मीही तीच करायचो.