जळालेल्या मालाचा हिशेब

दुकान जळाले की मालकाला पहिला प्रश्न विचारला जातो, माल किती होता? नेमका हाच प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण जो मोजायचा तोच माल राख झालेला असतो. लहान दुकानांत रोजच्या रोज नगाबरहुकूम साठ्याची नोंद ठेवण्याची पद्धत सहसा नसते. वर्षातून एकदा, 31 मार्चला, कपाटे उपसून माल मोजला जातो आणि त्यावरून ताळेबंद निघतो. आग मात्र मार्चअखेरची वाट पाहत नाही.

अशा वेळी विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आणि दुकानदाराचा सीए एक जुनी, सोपी रीत वापरतात. वर्षाच्या सुरुवातीचा माल अधिक आगीपर्यंतची खरेदी, म्हणजे दुकानात एकूण किती माल आला ते कळते. त्यातून विकल्या गेलेल्या मालाची मूळ किंमत वजा केली की उरतो तो आगीच्या दिवशीचा साठा. खरेदीची बिले असतात, विक्रीचीही असतात. अडचण एवढीच की विक्रीच्या आकड्यात नफा मिसळलेला असतो. तो बाजूला काढायला मागच्या वर्षांचा ढोबळ नफ्याचा दर उपयोगी पडतो. ढोबळ नफा म्हणजे भाडे, पगार, वीज असे खर्च वजा करण्यापूर्वीचा, निव्वळ खरेदी-विक्रीतला फरक.

हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण सोलापुरातल्या एखाद्या मध्यम कापड दुकानाचे वाटावेत असे. सगळे आकडे जीएसटी वगळून धरले आहेत. समजा, या दुकानाला 20 सप्टेंबर 2024 च्या रात्री शॉर्ट सर्किटने आग लागली. दिवाळीचा माल भरायला नुकतीच सुरुवात झाली होती. 31 मार्चच्या ताळेबंदात शिल्लक माल 42 लाखांचा होता. एप्रिलपासून आगीपर्यंत खरेदी, वाहतूक आणि हमाली धरून, 82 लाखांची आणि विक्री साडेनव्वद लाखांची झाली. मागच्या वर्षी 200 लाखांच्या विक्रीवर 38 लाख ढोबळ नफा दिसत होता, म्हणजे 19 टक्के.

घाईने हिशेब केला तर तो असा होतो. विक्रीतून 19 टक्के काढले की विकलेल्या मालाची किंमत सुमारे 73 लाख 30 हजार येते. 42 आणि 82 मिळून 124 लाखांतून ती वजा केली की साठा उरतो 50 लाख 70 हजार. पुष्कळ दावे इथेच थांबतात आणि नेमके इथेच अडकतात.

कारण त्या आधीच्या दोन वर्षांत या दुकानाचा दर बरोबर 20 टक्के होता. मग मागच्या वर्षी तो एका टक्क्याने का घसरला? वह्या उघडल्या की उत्तर सापडते. तीन लाखांना घेतलेल्या काही जुन्या, रंग उडालेल्या साड्या पडून होत्या. त्यांची किंमत मार्चमध्ये एक लाखच धरली होती. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच, पण त्या दोन लाखांच्या घटीने नेहमीच्या धंद्याचा नफा कमी दिसू लागला. ती घट परत मिळवली की नफा 40 लाख आणि दर पुन्हा 20 टक्के होतो. दुकान नेहमीसारखेच चालले होते. फक्त एका कपाटातल्या मालाने आकडा बिघडवला होता.

म्हणून सर्व्हेअर असा पडून राहिलेला माल हिशेबातून पूर्ण बाजूला काढतो. नेहमीचा सुरुवातीचा साठा मग 41 लाख उरतो. खरेदीतही तशीच साफसफाई करावी लागते. दोन लाखांच्या मालाचे बिल आले होते, पण गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामातच होत्या. बिल्टीवरची तारीख ते सांगते. तो माल दुकानात जळालाच नाही. एक लाखाचे कापड मालकाने घरच्या लग्नासाठी नेले होते. ते विकले गेले नाही, आणि जळालेही नाही. विक्रीतले 50 हजार त्या जुन्या साड्यांपैकी अर्ध्या साड्यांचे होते. त्यांना 20 टक्के नफा लावणे चूक ठरेल. आता हिशेब असा उभा राहतो:

नेहमीचा सुरुवातीचा साठा: 41 लाख
दुकानात प्रत्यक्ष आलेली, विक्रीसाठीची खरेदी: 79 लाख
एकूण: 120 लाख
वजा, 90 लाखांच्या नेहमीच्या विक्रीची मूळ किंमत (80 टक्के): 72 लाख
आगीच्या दिवशीचा नेहमीचा साठा: 48 लाख
अधिक, उरलेल्या जुन्या साड्या: 50 हजार
एकूण साठा: 48 लाख 50 हजार

यात एक साधी गफलत वारंवार होते. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही पंचवीस टक्के चढवून विकतो.’ ते खरे असते, पण ते टक्के खरेदीवरचे असतात. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली तर विक्रीवरचा नफा 20 टक्केच. विक्रीतून 25 टक्के वजा केले तर साठा एका फटक्यात साडेचार लाखांनी फुगतो.

दर हा अंदाज आहे, आणि त्याचा परिणाम मोठा असतो. 90 लाखांच्या विक्रीवर दरातला एक टक्का म्हणजे साठ्यातले 90 हजार. नफ्याचा दर जास्त धरला तर विकलेल्या मालाची किंमत कमी होते आणि साठा वाढतो. म्हणून दुकानदाराला चढा दर हवासा वाटतो, कंपनीला उतरता. म्हणूनच एकाच वर्षावर न विसंबता तीनेक वर्षांचे दर पाहिले जातात. ते स्थिर असतील तर सरासरी चालते. दरवर्षी चढत किंवा उतरत असतील तर तोच कल पुढे धरावा लागतो.

ऋतूचाही प्रश्न असतो. कापड दुकानांत आषाढात सेल लागतो आणि त्या विक्रीत नफा फार थोडा सुटतो. वर्षाच्या सरासरीत ही घट दिवाळी आणि लग्नसराईच्या चांगल्या विक्रीत झाकली जाते. पण आग सप्टेंबरात लागली, तर हिशेबाच्या काळात आषाढ येतो आणि दिवाळी येत नाही. वर्षभराचा दर जसाच्या तसा लावला तर साठा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल. सेलची बिले वेगळी काढता आली तर तेवढ्या विक्रीला तिचा स्वतःचा दर लावणे हाच योग्य मार्ग. आपल्या उदाहरणात असा सेल नव्हता असे धरले आहे.

आलेला आकडा मग बाहेरच्या पुराव्यांशी ताडून पाहिला जातो. विक्री जीएसटी विवरणपत्रांशी जुळते का, पुरवठादारांनी दाखवलेली विक्री आपल्या खरेदीशी जुळते का, हे पाहतात. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिलेले साठ्याचे पत्रकही मागवतात. बरेच जण इथे फसतात. उचल मर्यादा टिकावी म्हणून बँकेला 60 लाखांचा साठा दाखवलेला असतो आणि वह्या 48 लाख सांगतात. शेवटी सर्व्हेअर जागाही मोजतो. जळालेल्या रॅकांची लांबी-उंची, राखेचा थर, अर्धवट जळालेले तागे पाहून एवढ्या किमतीचे कापड त्या जागेत मावत होते का, हे अनुभवी माणूस ओळखतो.

साठा ठरला तरी दावा ठरला असे होत नाही. समजा, मागच्या बाजूचा साडेआठ लाखांचा नेहमीचा माल वाचला आणि विकण्याजोगा राहिला. मग नुकसान 40 लाख. पण विमा फक्त 36 लाखांचा होता. मालकाला वाटते, निदान 36 लाख तरी मिळतील. ते मिळत नाहीत. पॉलिसीतल्या सरासरीच्या कलमानुसार, साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या मालाचा 36 लाखांचाच विमा घेणारा उरलेल्या भागाचा विमेदार स्वतःच ठरतो. म्हणून 40 लाखांना 36 भागिले 48.5 या प्रमाणात कात्री लागते आणि हाती येतात सुमारे 29 लाख 69 हजार. त्यातूनही पॉलिसीप्रमाणे ठरावीक रक्कम वजा होते. 2021 पासून लहान उद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’सारख्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतच्या कमी विम्याकडे दुर्लक्ष केले जाते. इथे तूट जवळजवळ 26 टक्क्यांची असल्याने ती सवलत उपयोगाची नाही.

आता तो घाईचा हिशेब पुन्हा पाहा. साठा 50 लाख 70 हजार धरला तर नुकसान 42 लाख 20 हजार होते. पण त्याच कलमाने त्याला 36 भागिले 50.7 हे प्रमाण लागते आणि मिळतात सुमारे 29 लाख 96 हजार. म्हणजे साठा 2 लाख 20 हजारांनी फुगवून पदरात पडतात अवघे 27 हजार, आणि दाव्यावर संशय बसतो तो वेगळाच. विमा अपुरा असेल तर साठा वाढवून दाखवण्यात फारसे काही मिळत नाही.

उलट साठा कमी दाखवणे किती महाग पडते, हेही याच रीतीने दिसते. समजा, कर वाचवण्यासाठी मालकाने 31 मार्चचा साठा पाच लाखांनी कमी लिहिला असता. सुरुवातीचा साठा तेवढा घटलाच असता. शिवाय मागच्या वर्षाचा ढोबळ नफा 40 वरून 35 लाखांवर, म्हणजे दर साडेसतरा टक्क्यांवर आला असता. फक्त त्याच वर्षाचा दर धरला तर 90 लाखांच्या विक्रीची मूळ किंमत 72 ऐवजी 74 लाख 25 हजार होते. लपवलेले पाच लाख आणि वाढलेले सव्वादोन लाख मिळून आगीच्या दिवशीचा साठा सव्वासात लाखांनी कमी दिसतो, आणि तो माल खरोखर दुकानात होता हे सांगायला कागद उरत नाही. तीन वर्षांची सरासरी घेतली तर दुसरा फटका सौम्य होतो, पण पहिले पाच लाख गेलेलेच असतात.

म्हणून मार्चअखेरच्या साठ्याच्या यादीत पडून राहिलेला माल वेगळा लिहावा, त्याची मूळ किंमत शेजारी ठेवावी आणि यादीची प्रत दुकानाबाहेर असावी. विम्याची रक्कम ठरवताना मात्र मार्चचा आकडा पुरत नाही. दिवाळीच्या तोंडावर दुकान सर्वांत भरलेले असते, त्या दिवसांतला साठा धरायचा. आपल्या उदाहरणातल्या मालकाने 36 ऐवजी 50 लाखांचा विमा घेतला असता, तर ठरावीक वजावट सोडून त्याला 40 लाखांचे पूर्ण नुकसान मिळाले असते.