फेस कुठे फुटतो, पाणी कुठे निळं होतं

घाईघाईत केलेल्या गेममधला समुद्र लगेच ओळखू येतो. सपाट निळा पृष्ठभाग, त्यावर सरकत जाणारं लाटांचं चित्र आणि किनाऱ्याला चिकटवलेली पांढरी पट्टी. चांगल्या गेममध्ये मात्र लाटेचा माथा अणकुचीदार असतो, फेस ठरावीक लाटांवरच फुटतो, आणि उथळ पाण्यातून तळाची वाळू दिसता दिसता खोलीत विरून जाते. यामागे कुणी चित्रकार बसून रंग भरत नाही. हे काम ‘शेडर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम करतो.

शेडर ग्राफिक्स कार्डवर चालतो. समुद्राचा पृष्ठभाग हजारो लहान त्रिकोणांच्या जाळीचा बनवलेला असतो. त्या जाळीच्या प्रत्येक बिंदूसाठी आणि नंतर पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी शेडर स्वतंत्रपणे चालतो, तेही सेकंदाला साठेक वेळा. एवढा वेग हवा असेल तर प्रत्येक बिंदूला आपापलं उत्तर एकट्यानेच काढावं लागतं. शेजारचं पाणी काय करतंय याची वाट पाहत बसायला त्याला वेळ नसतो. म्हणून इथे पाण्याच्या प्रवाहाचं खरंखुरं गणित सोडवत नाहीत. जागा आणि वेळ दिली की पृष्ठभाग कुठे आहे ते सरळ सांगणारं सूत्र वापरतात.

असं सूत्र कागदावर दोनशे वर्षांपूर्वीच तयार होतं. प्रागमधल्या फ्रांटिशेक गेर्स्टनर या गणितज्ञाने 1802 साली खोल पाण्यातल्या लाटेचा हिशोब मांडला. लाट पुढे जाते, पण पाणी तिच्याबरोबर जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागी गोल फिरतो. माथ्यावर असताना तो पुढे सरकतो, खळग्यात असताना मागे येतो. 1986 मध्ये अलाँ फुर्निए आणि विल्यम रीव्ह्ज यांनी हीच लाट संगणकाच्या चित्रांसाठी वापरून दाखवली. शेडरमध्ये ती तीन ओळींत मावते:

```glsl
float th = k * dot(dir, p) - w * t;
pos.xz += dir * A * cos(th);
pos.y  += A * sin(th);
```

`A` म्हणजे कण ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या, `dir` म्हणजे लाटेची दिशा आणि `k` म्हणजे 2π भागिले लाटेची लांबी. तिसरी ओळ बिंदू वरखाली हलवते, हे कुणालाही सुचेल. खरी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. ती बिंदूंना आडवं सरकवते, त्यामुळे माथ्याजवळ ते एकमेकांकडे ओढले जातात आणि खळग्यात पांगतात. माथा टोकदार आणि खळगा पसरट होतो तो यामुळेच. नुसती वरखाली हलणारी लाट मऊ, गोलसर टेकड्यांसारखी दिसते. तो समुद्र वाटत नाही.

एका लाटेने समुद्र होत नाही, म्हणून अशा बऱ्याच लाटांची बेरीज करतात. आपण चारच घेऊ: लांबी 60, 31, 18 आणि 7 मीटर. 60, 30, 15 असे एकमेकांना भाग जाणारे आकडे मुद्दाम टाळलेत. ते घेतले तर तेच ते चित्र थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा येतं आणि उंचावरून पाहिल्यावर समुद्रावर फरशी घातल्यासारखी दिसते. दिशाही वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या फिरवायच्या.

वेग मात्र मनाने ठरवायचा नाही. खोल पाण्यात लांब लाट जलद धावते आणि आखूड लाट रेंगाळते. कोड लिहिताना `w` ही संख्या गुरुत्वाकर्षण गुणिले `k` याचं वर्गमूळ इतकी ठेवली की हे आपोआप जमतं. आपली 60 मीटरची लाट सेकंदाला सुमारे 9.7 मीटर जाते, तर 7 मीटरची जेमतेम 3.3. नवखा माणूस सगळ्यांना एकच वेग देतो. मग चारही लाटा मिळून एक घट्ट आकार बनतो आणि पूर्ण समुद्र गोठल्यासारखा एकसंध सरकू लागतो. पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

आता फेस. माथ्याच्या उंचीवरून फेस ठरवणं सोपं आहे आणि बरेच जण तसंच करतात. पण शांत समुद्रातली लांबलचक लाट चांगली उंच असूनही फुटत नाही, आणि वाऱ्याने उठलेली आखूड लाट गुडघाभर उंचीवरही पांढरी होते. फुटणं उंचीवर नाही, चढावर अवलंबून असतं. खोल पाण्यातल्या लाटेची खळग्यापासून माथ्यापर्यंतची उंची तिच्या लांबीच्या साधारण सातव्या भागाएवढी झाली की ती स्वतःला सावरू शकत नाही.

इथे त्या दुसऱ्या ओळीचा पुन्हा उपयोग होतो. बिंदू माथ्याजवळ किती दाटले ते मोजलं की फेसाची जागा मिळते. या मापाला गणितात जॅकोबियन म्हणतात. सपाट पाण्यात ते 1 असतं, पृष्ठभाग आवळला की कमी होतं. एका लाटेमुळे माथ्यावर त्यात जास्तीत जास्त `k` गुणिले `A` एवढी घट होते. आपल्या चार लाटांना 0.9, 0.5, 0.3 आणि 0.12 मीटर त्रिज्या दिली, तर प्रत्येकीची घट जवळपास 0.1 येते: 0.094, 0.101, 0.105 आणि 0.108. दिशा साधारण एकच धरली, तर चारही माथे एका जागी आल्यावर माप 0.59 पर्यंत उतरेल. ‘माप 0.7 च्या खाली गेलं की फेस’ असा नियम घातला, तर एकटीदुकटी लाट कधीच फुटत नाही. निदान तीन माथे एकत्र यावे लागतात आणि चौथी लाट त्या वेळी खळग्यात असून चालत नाही. म्हणजे फेस तुरळक दिसतो, वाटेल तिथे उमटतो, आणि तरीही जिथे उमटतो तिथे पाणी खरोखरच उभं राहिलेलं असतं. खऱ्या समुद्राच्या सातव्या हिश्शाच्या नियमाशी हा 0.7 काटेकोर जुळत नाही. तो डोळ्याने ठरवायचा आकडा आहे, आणि त्यात वाईट काही नाही.

वादळ हवं म्हणून कुणी त्रिज्या तिपटीने वाढवली तर काय होतं? चार घटींची बेरीज 1.2 च्या वर जाते आणि माप ऋण होतं. याचा अर्थ पृष्ठभाग स्वतःतूनच आरपार गेला. पडद्यावर माथ्यांवर छोटे फासे दिसतात, त्रिकोण उलटे होतात आणि काळे ठिपके लुकलुकतात. घटींची बेरीज 1 च्या आत ठेवणं हा त्यावरचा एकमेव इलाज. वादळ दाखवायचं असेल तर लाटा आणखी लांब घ्याव्यात, मग त्या उंचही करता येतात.

फेसाची आणखी एक खोड असते. वरचा नियम दर क्षणी नव्याने लावला, तर माथा पुढे गेला की फेस तत्क्षणी गायब होतो आणि समुद्रभर पांढरे दिवे उघडझाप करत असल्यासारखे वाटतात. खरा फेस लाटेबरोबर जात नाही; तो मागे राहतो आणि सावकाश विरतो. म्हणून फेस एका वेगळ्या चित्रात साठवतात. दर फ्रेमला जुना फेस किंचित पुसट करायचा आणि नवा त्याहून दाट असेल तरच वर लिहायचा. माथ्यामागे रेंगाळणारे पांढरे पट्टे यातूनच येतात.

रंगाच्या बाबतीत एक जुना गैरसमज आहे: समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. लॉर्ड रॅले यांचंही मत तसंच होतं. 1921 साली इंग्लंडहून परतताना सी. व्ही. रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजाच्या डेकवरून निकोल प्रिझममधून पाणी पाहिलं. योग्य कोनात धरलेला हा प्रिझम पृष्ठभागावरचं प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. प्रतिबिंब गेलं, तरी निळाई राहिली. जहाज मुंबई बंदरात लागलेलं असतानाच त्यांनी ‘नेचर’ला त्यावर पत्र लिहिलं. शेडर लिहिणाराही नेमकं हेच करतो: आधी प्रतिबिंब बाजूला काढतो. सरळ खाली पाहिलं तर पाणी फक्त 2 टक्के प्रकाश परतवतं, क्षितिजाकडे पाहिलं तर जवळजवळ सगळा. उरलेला प्रकाश पाण्यातून आलेला असतो, आणि त्याचा हिशोब असा:

```glsl
vec3 a = vec3(0.34, 0.06, 0.01);
vec3 T = exp(-a * d);
col = bottom * T + scatter * (1.0 - T);
```

`a` मधले तीन आकडे शुद्ध पाणी दर मीटरला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती गिळतं ते सांगतात. `d` हे प्रकाशाने पाण्यात कापलेलं अंतर. पांढऱ्या वाळूवर तीन मीटर पाणी आहे आणि आपण वरून पाहतोय, असं समजा. प्रकाश खाली जाऊन वर येतो, म्हणजे सहा मीटर. लाल 13 टक्के उरतो, हिरवा 70, निळा 94. झाला लक्षद्वीपच्या खाजणाचा फिरोजी रंग, तोही कुठेही फिरोजी न लिहिता. दहा मीटर खोलीवर लाल संपतो, हिरवा 30 टक्क्यांवर येतो, निळा 82 वर राहतो.

गिळण्याचं गणित एकटंच ठेवलं तर खूप खोल पाणी काळं पडतं. म्हणून शेवटच्या ओळीत `scatter` आहे. पाण्यात विखुरून परत वर येणारा हा प्रकाश, आणि रामन यांना दिसलेली निळाई तीच. आपल्या कोकण किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ आणि प्लवंग यांमुळे निळा प्रकाशही बराच गिळला जातो. तिथे `a` मधला निळ्याचा आकडा हिरव्याच्या वर न्यावा आणि `scatter` मातकट ठेवावा, की पाणी आपसूक हिरवट-करडं होतं.

`d` मिळवायला शेडर आधी बिनपाण्याचं दृश्य रंगवून घेतो आणि प्रत्येक पिक्सेलमागची वस्तू किती दूर आहे ते वाचतो. त्यातून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर वजा केलं की नजरेच्या रेषेतली पाण्याची जाडी उरते. वाचलेला आकडा मीटरमध्ये नसतो, जवळच्या वस्तूंकडे झुकलेला असतो. तो मीटरमध्ये आणायचं विसरलं तर कॅमेरा पुढेमागे होताच पाण्याचा रंग पालटतो. दुसरा घोटाळा जेटीच्या खांबाजवळ दिसतो. लाटांमुळे तळ हलता दाखवण्यासाठी शेडर शेजारचा पिक्सेल वाचतो, आणि तो पिक्सेल नेमका पाण्याबाहेरच्या खांबाचा निघतो. मग खांबाशेजारी पाण्यात त्याचंच भूत उमटतं. वाचलेली वस्तू पाण्यापेक्षा जवळ आहे का ते तपासायचं. असेल तर न सरकवता वाचायचं.

एक गोष्ट मात्र या बेरजेच्या आवाक्याबाहेरची आहे. तिला तळ माहीत नाही. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्यावर आली, म्हणजे आपल्या मोठ्या लाटेसाठी 30 मीटरवर, की खरी लाट मंदावू लागते, किनाऱ्याकडे वळते आणि शेवटी पुढे कोसळते. आपल्या लाटा तशाच ठरल्या वेगाने वाळूत शिरतात. म्हणून गेममध्ये किनारा जवळ येताच लाटांची त्रिज्या हळूहळू शून्यावर आणतात, कमी खोलीच्या पट्ट्यात वेगळा फेस घालतात आणि कोसळणारी लाट हवीच असेल तर तिचा आकार आधीच तयार करून ठेवतात.