फराळाच्या डब्यावरची चिठ्ठी

भोसरीतलं एखादं छोटं वर्कशॉप घेऊ. मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देणारं. दिवाळीला तिथून गिऱ्हाइकांकडे फराळाचे डबे जातात आणि डब्यावरच्या कार्डाचा मजकूर बहुधा असा असतो : ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! आपला विश्वास हेच आमचं भांडवल. असंच सहकार्य यापुढेही मिळत राहो. आमच्याकडे सीएनसी टर्निंगची कामं वाजवी दरात केली जातात.’

शेवटच्या वाक्यातली जाहिरात कुणालाही दिसते, ती खोडणं सोपं. खरी मागणी त्याच्या आधीच्या, नम्र वाटणाऱ्या वाक्यात आहे. ‘यापुढेही’ म्हटलं की लाडू पुढच्या ऑर्डरीसाठी आलेला ठरतो. म्हणून आभार झालेल्या गोष्टीचे मानावेत, आणि ती गोष्ट नेमकी सांगावी. उदाहरणार्थ : ‘श्रावणात आमचं मशीन बंद पडलं, तेव्हा तुमच्या स्टोअरच्या मंडळींनी दोन दिवस सांभाळून घेतलं. ते आम्ही विसरलेलो नाही. सोबत चकली आणि बेसनाचे लाडू आहेत, सगळ्यांनी मिळून खावेत. तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.’ खाली मालकाची सही, पेनाने केलेली. मशीनची यादी नको, दरपत्रक नको. डब्यावर दुकानाचं नाव पुरे.

मजकूर पारखायला मी एक कसोटी वापरते. या गिऱ्हाइकाने कालच आपलं काम बंद केलं आहे असं समजून कार्ड वाचायचं. तरीही ते पाठवता येत असेल, तर त्यात मागणी नाही. ‘सेवेची संधी द्यावी’ तिथे लगेच अडखळतं, मशीनच्या आठवणीचं वाक्य मात्र तसंच उभं राहतं.

पण शब्द निर्मळ असूनही डबा बोलू शकतो. कोटेशन गिऱ्हाइकाच्या टेबलावर पडून असताना भेट गेली, तर कार्डावर काहीही लिहा, तिचा अर्थ एकच होतो. अशा वेळी फक्त शुभेच्छा पाठवाव्यात, डबा निर्णय झाल्यावर. खरेदी अधिकाऱ्याच्या घरी तर तो कधीच जाऊ नये. अनेक कंपन्यांत भेटी घेण्याचे नियम असतात आणि माणूस उगीच अडचणीत येतो. ऑफिसात, पूर्ण विभागाच्या नावाने, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पाठवला की सुट्ट्या लागण्याआधी तो सगळ्यांत वाटून संपतो.

या वर्षी ज्यांनी काहीच काम दिलं नाही, त्या जुन्या गिऱ्हाइकांनाही तोच डबा, तेवढाच मोठा जावा असं मला ठामपणे वाटतं. उलाढालीप्रमाणे डबे लहानमोठे झाले, की एकाच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दोन ऑफिसांना ते कळायला वेळ लागत नाही. आणि ‘फराळ पोचला का?’ असा फोन केलाच, तर तो तेवढ्यावरच ठेवावा. अडकलेल्या बिलाची किंवा नव्या ड्रॉइंगची चौकशी भाऊबीज झाल्यावर, वेगळ्या फोनवर.