पोत भिंतीचा, ग्रेन कॅमेऱ्याचा

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र जुळवायचं आहे असं धरू. पैठणी नेसलेली तरुणी स्टुडिओत, करड्या कागदी पडद्यासमोर उभी करून तिचा फोटो काढला आहे. मागची जुन्या वाड्याची भिंत एआयकडून करून घेतली आहे. रंग जुळतात, उजेडाची दिशाही जुळते, तरी पहिल्या नजरेत काहीतरी खटकतं. चित्र शंभर टक्के आकारात उघडलं की कारण दिसतं. पदराच्या जरीत धागान् धागा मोजता येतो, गालावरची बारीक लव दिसते, आणि मागच्या विटा मात्र मेणात ओतल्यासारख्या गुळगुळीत असतात. विटेची कड कुठे झिजलेली नाही, दरजेतला चुना कुठे भुसभुशीत झालेला नाही.

हा गुळगुळीतपणा येतो कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण उपाय त्यावरच ठरतो. 2022मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन घ्या. हे मॉडेल थेट पिक्सेलांवर काम करत नाही. 512 बाय 512 पिक्सेलांचं चित्र ते 64 बाय 64च्या छोट्या जाळीत दाबून बसवतं. मूळच्या 64 पिक्सेलांच्या एका चौकोनात रंगांचे 192 आकडे असतात, त्यांच्या जागी जाळीत फक्त चार उरतात. चित्राची सगळी जुळवाजुळव या जाळीत होते आणि शेवटी ती उलगडून पुन्हा पिक्सेल तयार होतात. विटेचा आकार, सावली, रंग या चार आकड्यांत मावतात. विटेवरची खरखर मावत नाही, कारण तिला ठरावीक नक्षी नसते. उलगडताना मॉडेलला ती अंदाजाने भरावी लागते, आणि अनेक शक्यतांचा अंदाज एकत्र केला की उरतो तो सपाट मधला रंग. नंतरच्या मॉडेलांत ही घडी तेवढी घट्ट राहिलेली नाही, तरी पार्श्वभूमीच्या मोठ्या सपाट भागांत हा दोष अजून सर्रास दिसतो.

यावर बहुतेक जण आधी क्लॅरिटी किंवा शार्पनेसचा स्लायडर ओढतात. त्याने भिंत आणखी बिघडते. हे स्लायडर असलेला तपशील उठावदार करतात, आणि इथे तर तपशीलच नाही. मग विटांच्या कडांना पांढुरकी किनार येते, मधला भाग होता तसाच राहतो आणि मेणाला नुसती चकाकी चढते.

भिंतीत नसलेल्या गोष्टी खरं तर दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या भराव्या लागतात. एक म्हणजे भिंतीचा स्वतःचा पोत: चुन्याचे पोपडे, विटेतली भोकं, खालून चढलेली ओल. दुसरा म्हणजे ग्रेन, फोटोवरची ती बारीक रवाळ कुजबुज. ग्रेन भिंतीवर नसतो. डिजिटल फोटोत तो सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्तपणातून आणि कॅमेऱ्यातल्या विद्युत नॉइजमधून येतो. म्हणून पोत अंतराप्रमाणे लहान होतो, भिंत फोकसबाहेर गेली की पुसट होतो. ग्रेन यातलं काहीच करत नाही. धूसर झालेल्या भिंतीवरही तो तितकाच टोकदार राहतो. दोन्ही गोष्टी एकाच फिल्टरने भरायला गेलं की चित्र फसतं, आणि असं फसलेलं काम मी फार पाहिलं आहे.

पोतासाठी खऱ्या भिंतीचा फोटो लागतो. जुन्या वाड्यांत खाली दगडी बांधकाम आणि वर चुन्यात बसवलेल्या पातळ विटा अशी रचना बऱ्याच ठिकाणी बघायला मिळते. तशी एखादी भिंत ढगाळ दिवशी समोरून टिपावी. ढगाळ उजेड यासाठी की त्यात ठळक सावल्या नसतात. सावल्या असल्याच, तर त्या आपल्या चित्रातल्या उजेडाच्या दिशेशी जुळणाऱ्याच हव्यात. चित्रात उजेड डावीकडून आणि पोपड्यांच्या सावल्याही डावीकडे, असं झालं की डोळ्याला ते लगेच कळतं, कारण सांगता आलं नाही तरी.

हा फोटो भिंतीवर जसाच्या तसा ठेवला तर त्याचे रंग आणि उजेडही सोबत येतात. ते नको असतात, फक्त खरखर हवी असते. त्यासाठी फोटोशॉपमध्ये फोटोतला रंग काढून टाकायचा आणि `Filter > Other > High Pass` वापरायचं. हे फिल्टर मोठे, संथ फरक पुसतं आणि बारीक फरक करड्या पृष्ठभागावर ठेवतं. रेडियस किती ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवावं. चार-पाच पिक्सेलांत फक्त चुन्याची रवाळी उरते, तीसच्या आसपास गेलं की पोपडे आणि छोटे डागही येतात. ओलीचा मोठा पट्टा यात सापडत नाही, तो हवा असेल तर वेगळ्या लेयरवर ब्रशने रंगवावा. या करड्या लेयरचा ब्लेंड मोड `Soft Light` केला की करडा रंग नाहीसा होतो आणि खालच्या मेणाच्या भिंतीवर खरखर उमटते.

आता खरी मेहनत सुरू होते. पोत दरजांशी जुळला पाहिजे. एआयच्या भिंतीत ज्या ओळीत विटा आहेत त्याच ओळीत खऱ्या विटांच्या रेषा याव्यात, म्हणून लेयर ताणावा, तिरका करावा, जिथे भिंत मागे सरकते तिथे लहान करावा. लाकडी खांबावर हा पोत जाता कामा नये. खांबाला लाकडाचाच पोत लागतो, त्याची रेघ उभी जाते. सगळीकडे एकच टेक्श्चर ओढलं की भिंत, खांब आणि उंबरा एकाच कागदाने मढवल्यासारखे दिसतात. शिवाय एकच तुकडा शेजारी शेजारी ठेवून भागवू नये. ठळक पोपडा दोनदा आला की नजर तिथेच अडकते.

यानंतर फोकस. तरुणीच्या मागे दोन मीटरवर भिंत असेल आणि फोटो मोठ्या अ‍ॅपर्चरवर काढला असेल, तर भिंत थोडी धूसर असायला हवी. पोत बसवल्यानंतर भिंत आणि पोत मिळून एकत्र धूसर करायचे. इतक्या निगुतीने बसवलेला पोत पुन्हा पुसट करायला जिवावर येतं, पण न केल्यास पोत फोकसमध्ये आणि विटांची कड फोकसबाहेर अशी विसंगती उरते.

ग्रेन सगळ्यांत शेवटी. चित्र छपाईच्या आकाराला नेल्यावरच तो टाकायचा. एफोर मुखपृष्ठासाठी इंचाला 300 पिक्सेल धरले तर 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. 1024 पिक्सेलांच्या चित्रावर ग्रेन टाकून मग ते मोठं केलं, तर प्रत्येक रवाही साधारण साडेतीन पट फुगतो आणि भिंतीवर ठिपके ठिपके उमटतात.

किती ग्रेन हवा याचं उत्तर आपल्याच फोटोत असतं, त्या करड्या पडद्यावर. पडदा एकरंगी आहे, फोकसबाहेर आहे, त्यामुळे त्यावर जे काही थरथरतं ते बहुतेक कॅमेऱ्याचंच. म्हणून तरुणीला कापून घेताना पडदा फेकून देऊ नये, त्याचा तुकडा बाजूला ठेवावा. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनेलमध्ये `Expanded View` निवडली की `Std Dev` असा आकडा दिसतो. निवडलेल्या भागातले पिक्सेल सरासरीपासून किती दूर पसरलेत हे तो सांगतो. पडद्याचा छोटा, सारख्या उजेडाचा चौकोन निवडून आकडा बघायचा. मग साधारण तेवढ्याच उजेडाची विटेची सपाट जागा बसवलेला पोत लपवून निवडायची. समजा पडद्यावर 3 आला आणि विटेवर 0.7. आपल्याला भरायचा आहे तो हा फरक. पॅनेलमध्ये त्रिकोणी खूण दिसत असेल तर आकडा कच्चा आहे. खुणेवर क्लिक केलं की खरा आकडा येतो.

ग्रेनसाठी 50 टक्के करड्या रंगाचा नवा लेयर घ्यायचा, त्यावर `Filter > Noise > Add Noise`, प्रकार `Gaussian`, आणि `Monochromatic`वर खूण. पाच टक्क्यांपासून सुरुवात ठीक. कच्चा नॉइज फार टोकदार असतो, प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यापासून फटकून. कॅमेऱ्यात तसं होत नाही. तिथे रंग शेजारच्या पिक्सेलांवरून भरले जातात, त्यामुळे रवे थोडे एकमेकांत मिसळलेले असतात. अर्ध्या ते पाऊण पिक्सेलाचा गॉशियन ब्लर दिला की तसा रवा येतो. ब्लेंड मोड `Linear Light` ठेवला तर ग्रेन गडद भागातही टिकतो. `Soft Light`मध्ये तो काळोखात विरत जातो, आणि डिजिटल फोटोत तर सावल्यांतच तो जास्त जाणवतो. आता पुन्हा मोजायचं. विटेवर 4.2 दिसला तर लेयरची ओपॅसिटी 70 टक्क्यांच्या आसपास आणावी, आकडा 3 जवळ येईल. मग डोळे बारीक करून भिंत आणि पदर एकत्र बघावेत, कारण आकडा सारखा असूनही रवा जाड किंवा बारीक असू शकतो.

चेहरा, हात आणि साडी यांना या सगळ्यांतून पूर्ण वगळायचं. त्वचेवर कॅमेऱ्याचा ग्रेन आधीच आहे, वर दुसरा पडला की गाल पिठाळ दिसतो. चुन्याची खरखर गालावर आली तर व्रणच वाटतील. सोपा मार्ग म्हणजे कापलेली तरुणी सगळ्यांत वरच्या लेयरवर ठेवावी आणि पोत व ग्रेन तिच्या खाली. मग मोकळ्या केसांमधून दिसणाऱ्या भिंतीवरही ग्रेन आपोआप येतो. भिंत `Generative Fill`ने फोटोतच भरली असेल, तर मात्र तरुणीचा मास्क करावा लागतो, आणि केसांच्या कडेला तो मऊ ठेवावा लागतो. तिथे मास्क कडक राहिला की डोक्याभोवती गुळगुळीत पट्टा उरतो. जोडकाम सगळ्यांत आधी तिथेच उघडं पडतं.

ग्रेनचा एक फायदा वरच्या आभाळालाही होतो. एआयच्या आठ बिटी चित्रात निळा रंग फिका होत जातो तिथे पायऱ्या पडतात, आणि छपाईत त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ग्रेनने त्या मोडतात.

मुखपृष्ठाची फाइल छापखान्यात टिफमध्ये किंवा कमी दाबलेल्या जेपेगमध्ये द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ग्रेन सगळ्यात आधी मरतो, कारण दाबणाऱ्या प्रक्रियेला तोच अनावश्यक वाटतो, आणि त्याच्या जागी चौकोनी डाग येतात. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. छापतानाही बारीक रवा शाईच्या ठिपक्यांत काही प्रमाणात हरवतो. म्हणून पडद्यावर बघून खूश होण्याआधी मुखपृष्ठाचा एक कोपरा खऱ्या आकारात, त्याच कागदावर काढून हातभर अंतरावरून बघावा. तिथे भिंत अजून मेणचट वाटली तर रवा किंचित जाड करावा. आणि विटांच्या ओळीच एकमेकींत घुसत असतील, खांबावरची नक्षी मध्येच विरघळत असेल, तर ग्रेन आणि पोत यांनी ते झाकण्याच्या भानगडीत पडू नये. तेवढा भाग खऱ्या वाड्याच्या फोटोतून कापून लावावा.